पिशवीतल्या गोळ्या कशा वाचायच्या: वृद्धांच्या औषधांचा आढावा, नव्या नर्सेससाठी

घरभेटीत किंवा वॉर्डात आजी-आजोबांना आपण सवयीने विचारतो, "काही औषधं चालू आहेत का?" उत्तर येतं, "नाही गं बाई, फक्त बीपीची एक गोळी." केसपेपरवर एक ओळ लिहून आपण पुढच्या खाटेकडे जातो.

प्रश्नच चुकलेला असतो. आपल्याकडे बऱ्याच घरांत औषध म्हणजे बाटलीतलं पातळ. गोळी ती गोळी, सुई ती सुई, आणि डोळ्यांत टाकायचे ते थेंब. रोज इन्सुलिन घेणारे आजोबा "औषध काही नाही" म्हणतात, तेव्हा ते खोटं बोलत नसतात.

माझ्या पहिल्या वर्षी याच प्रश्नाने मला चांगलंच पाडलं. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या एका आजोबांच्या कागदावर मी "औषधे: नाही" लिहिलं. तिसऱ्या दिवशी नाडी १२०, छातीत दुखतंय, घामाघूम. मुलगा धावत आला, त्याच्या खिशात मेटोप्रोलॉलची पट्टी होती. आठ वर्षं रोज घेतलेली गोळी आमच्या वॉर्डात आल्यापासून बंद होती. ही गोळी एकदम तोडली की हृदय उलट उसळी घेतं. आजोबा वाचले. वृद्धाला जास्तीच्या गोळीने त्रास होतो, तसाच नकळत तुटलेल्या गोळीनेही होतो, हे मी त्या दिवशी शिकले. औषधांचा आढावा या दोन्ही बाजूंनी करायचा असतो.

रोजची ५ किंवा त्याहून जास्त औषधं चालू असली की पॉलिफार्मसी म्हणतात. आकडा ढोबळ आहे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाला पाच गोळ्या रास्तच लागतात, आणि कधी दोनच गोळ्या असतात पण दोन्ही नको त्या. डीप्रिस्क्रायबिंग म्हणजे ज्या औषधाचा उपयोग संपलाय किंवा उपयोगापेक्षा त्रास जास्त झालाय, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरवून, कमी करणं किंवा थांबवणं. त्यात नर्सने स्वतःहून एकही गोळी बंद करायची नाही. आपण शोधायचं, मोजायचं, डॉक्टरांपुढे मांडायचं, आणि गोळी थांबल्यावर पेशंटवर नजर ठेवायची. हे काम दुसरं कोणी करत नाही, कारण आजींच्या घरातला डबा डॉक्टरांना दिसत नाही.

खाली एका आजींची केस घेऊन पायऱ्या सांगते. ही केस मी दोन-तीन घरांतल्या गोष्टी जोडून केली आहे. आजी ७८ वर्षांच्या, वजन ४८ किलो, सून आणि नातवंडांबरोबर गावात राहतात, मुलगा पुण्याला नोकरीला. तीन आठवड्यांपूर्वी रात्री लघवीला उठताना पडल्या. हाड मोडलं नाही, पण कपाळावर टाके पडले. टाके काढायला आल्या तेव्हा सून म्हणाली, "ताई, या आताशा फार विसरतात, आणि चालताना पाय घासत चालतात. वयच झालं ना."

"वयच झालं" हे वाक्य ऐकलं की पिशवी मागायची.

पायरी १: पिशवी रिकामी करा

सुनेला सांगायचं, "घरात आजींच्या नावाच्या जेवढ्या गोळ्या, बाटल्या, थेंब, चूर्णं, मलमं आहेत, सगळं घेऊन या. चालू असो की बंद." शक्य असेल तर घरीच जा. उशीखाली, देवघराच्या कप्प्यात, फ्रिजच्या दारात, शिवणाच्या डब्यात गोळ्या सापडतात. गुडघ्याच्या गोळ्या तर बहुधा कंबरेच्या बटव्यात असतात, कारण त्या लागतील तशा घ्यायच्या असतात आणि सुनेला कळू द्यायच्या नसतात.

आजींच्या चटईवर ११ गोष्टी निघाल्या. टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिनची जोडगोळी. वेगळ्या पाकिटात नुसती ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची जोडगोळी. फ्युरोसेमाइड ४०, जिला घरात "लघवीची गोळी" म्हणतात. प्रोक्लोरपेराझिन ५, म्हणजे "चक्करची". ट्रायहेक्सिफेनिडिल २, "हाताची". पॅन्टोप्रॅझोल ४०, ॲस्पिरिन ७५, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाची गोळी, लॅक्ट्युलोजची बाटली. आणि बटव्यातून डायक्लोफेनॅक, मेडिकलवाल्याकडून सुटी आणलेली.

इथे एक सवय लावून घ्या. ब्रँडचं नाव बघू नका, पट्टीच्या मागे बारीक अक्षरात छापलेला घटक वाचा. आपल्याकडे एकाच घटकाचे असंख्य ब्रँड आहेत आणि जोडगोळ्यांची रेलचेल आहे, त्यामुळे दोन वेगळ्या रंगांच्या गोळ्यांत एकच औषध असणं अगदी रोजचं. मेडिकलवाला चार गोळ्या कापून देतो तेव्हा नाव आणि मुदत दुसऱ्याच तुकड्यावर राहते. असा बिननावाचा तुकडा मिळाला तर "पांढरी गोल गोळी" एवढंच लिहा आणि शोध घ्या. अंदाजाने नाव लिहू नका.

आजींच्या पिशवीतली पहिली चूक इथेच सापडली. नुसती ॲम्लोडिपिन सरकारी आरोग्य केंद्रातून मिळत होती. मुलाने शहरातल्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी जोडगोळी दिली. आरोग्य केंद्राची गोळी चालू आहे हे त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि ती फुकट मिळते म्हणून कोणी थांबवलीही नाही. आजी रोज ५ ऐवजी १० मिलिग्रॅम ॲम्लोडिपिन घेत होत्या. यात वाईट कोणीच वागलेलं नाही. प्रत्येक कागद आपल्या जागी बरोबर होता.

पायरी २: खरंच घेतात का, कशा घेतात

पट्टीवरच्या रिकाम्या खोबण्या मोजा. कॅल्शियमची १५ गोळ्यांची पट्टी महिन्यापूर्वी आणलेली, आणि ११ गोळ्या शिल्लक. म्हणजे आजी ती घेतच नाहीत. विचारल्यावर म्हणाल्या, "मोठी आहे, घशात अडकते." उलट डायक्लोफेनॅकच्या १० गोळ्या आठ दिवसांत संपलेल्या.

प्रश्न असे विचारा की उत्तर द्यायला अपराधी वाटू नये. "रोज घेता ना?" म्हटलं की "हो हो" येणारच. त्याऐवजी "सकाळी उठल्यापासून काय काय घेता, कशाबरोबर घेता, ते मला करून दाखवा" म्हणा. चहाबरोबर की जेवणानंतर, कोण काढून देतं, आणि गाव-लग्न-जत्रेला गेल्यावर काय होतं, हेही.

एक प्रश्न हमखास विचारा: उपवास कधी करता? आजी एकादशी आणि चतुर्थी धरत होत्या. दिवसभर दोन केळी आणि थोडी साबुदाण्याची खिचडी, पण साखरेची गोळी नेमाने, कारण "डॉक्टर म्हणाले एकही दिवस चुकवायची नाही." ग्लिमेपिराइड पोट भरलेलं आहे की रिकामं हे न बघता इन्सुलिन सोडायला लावते. सुनेला आठवलं की एका एकादशीला पहाटे आजी घामाने भिजल्या होत्या आणि भलतंच बोलत होत्या. त्यांनी गूळ-पाणी दिलं आणि बरं वाटलं. ही साखर उतरल्याची घटना होती, आणि ती एकाही कागदावर नोंदलेली नव्हती.

पायरी ३: गोळ्यांची कुंडली मांडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एका कागदावर तारखांच्या क्रमाने लिहायचं: कधी काय तक्रार झाली, कधी कोणती गोळी आली. जुने चिठ्ठे, डिस्चार्ज कार्ड, मेडिकलची बिलं आणि सुनेची आठवण यांवरून हे जमतं. तारीख आठवत नसेल तर "दिवाळीच्या आधी की नंतर, पेरणी झाली होती का" असं विचारा. आजींचा कागद असा झाला:

४ वर्षांपूर्वी: न्यूमोनियासाठी ॲडमिट, डिस्चार्जच्या वेळी पॅन्टोप्रॅझोल.
३ वर्षांपूर्वी: "वय झालंय, रक्त पातळ राहू दे" म्हणून ॲस्पिरिन.
१६ महिन्यांपूर्वी: आधीच्या ॲम्लोडिपिनवर जोडगोळीची भर.
१४ महिन्यांपूर्वी: घोट्यांना सूज. फ्युरोसेमाइड.
११ महिन्यांपूर्वी: उठताना चक्कर. प्रोक्लोरपेराझिन.
६ महिन्यांपूर्वी: हात थरथरतात, चाल मंदावली. ट्रायहेक्सिफेनिडिल.
४ महिन्यांपूर्वी: शौचाला होत नाही. लॅक्ट्युलोज. त्याच सुमाराला विसरभोळेपणा.
३ आठवड्यांपूर्वी: पडल्या.

आता १६ महिन्यांपासूनच्या ओळी खालून वर वाचा आणि प्रत्येक तक्रारीला विचारा, "तुझ्या आधी कोणती गोळी आली होती?"

सूज ॲम्लोडिपिनची होती. ही गोळी धमनीच्या बाजूच्या बारीक रक्तवाहिन्या सैल करते, पण शिरांकडच्या तितक्या सैल होत नाहीत. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी घोट्यांत झिरपतं. डोस वाढला की सूज वाढते, आणि बायकांमध्ये ती जास्त दिसते. मुद्दा असा की शरीरात पाणी जास्त झालेलंच नसतं. म्हणून लघवीची गोळी दिली तर सूज फारशी हटत नाही, बाकीचं शरीर मात्र कोरडं पडतं. ते कोरडं पडलं, वरून बीपीच्या दोन-दोन गोळ्या, आणि उठताना चक्कर यायला लागली.

चक्करेसाठी प्रोक्लोरपेराझिन आली. उलटी-मळमळीत किंवा गरगरण्यात चार-पाच दिवसांपुरती ती चांगली गोळी आहे. पण ती मेंदूतल्या डोपामिनचं काम अडवते. महिनोन्‌महिने चालली की माणूस पार्किन्सनच्या आजारासारखा दिसायला लागतो: चेहरा निर्विकार, चाल घासत, हात थरथरते, खुर्चीतून उठायला वेळ. शिवाय ती स्वतःच उभं राहताना बीपी उतरवते, म्हणजे ज्या चक्करेसाठी दिली तीच वाढवते. अकरा महिने चाललेली ही गोळी कोणी पुन्हा लिहून दिली नव्हती. जुना चिठ्ठा दाखवला की मेडिकलमधून मिळत होती.

थरथरीला पार्किन्सन समजून ट्रायहेक्सिफेनिडिल दिली गेली. तिने तोंड कोरडं पडतं, शौच अडतं, लघवी तुंबते आणि वृद्धांच्या डोक्यात गोंधळ माजतो. मग लॅक्ट्युलोज आलं. विसरभोळेपणासाठी अजून गोळी आली नव्हती, पण पुढच्या फेरीत नक्की आली असती.

एका गोळीचा दुष्परिणाम नवा आजार समजून दुसरी गोळी देत जाण्याच्या या साखळीला प्रिस्क्रायबिंग कॅस्केड म्हणतात. पडण्याचं मूळ या साखळीच्या वरच्या टोकाला, दुप्पट ॲम्लोडिपिनमध्ये होतं.

जाता जाता एक गोष्ट. पार्किन्सनसारखी लक्षणं दिसली तर फक्त चक्करेच्या गोळ्या शोधून थांबू नका. सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन बघाच, पण ॲसिडिटीच्या कॅप्सूलचा मागचा भागही वाचा. त्यात बऱ्याचदा लेवोसल्पिराइड जोडलेलं असतं. तेही डोपामिनच अडवतं, आणि घरात त्याला सगळे "गॅसची गोळी" म्हणतात.

पायरी ४: शब्द आणि शरीर, दोन्ही मोजा

"चक्कर येते" एवढं लिहू नका. मराठीत याला वेगळे शब्द आहेत आणि पेशंट ते बरोबर वापरतात. घर गरगर फिरतं, म्हणजे बहुधा कानाच्या आतल्या भागाचा प्रश्न. डोळ्यांपुढे अंधारी येते आणि बसल्यावर जाते, म्हणजे उभं राहताना बीपी उतरतं. तोल जातो, झोकांड्या जातात, म्हणजे पाय, नसा किंवा मेंदूकडे बघायचं. आजींना मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गरगरत नाही गं, उठलं की डोळ्याम्होरं काळं येतं." हा प्रश्न अकरा महिन्यांपूर्वी विचारला गेला असता तर चक्करेची गोळी आलीच नसती.

मग बीपी. बसवून एकदा घेतलेलं बीपी इथे उपयोगाचं नाही. ५ मिनिटं आडवं झोपवा, बीपी घ्या. उभं करा, १ मिनिटाने घ्या, ३ मिनिटांनी पुन्हा घ्या. शेजारी खुर्ची ठेवा आणि एक माणूस धरायला उभा ठेवा. वरचं २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर ती ठळक नोंद. आजींचं आडवं १३८/७६, १ मिनिटाने ११२/६६, ३ मिनिटांनी ११०/६४. वरचं २८ ने उतरलं होतं. दवाखान्यात मात्र त्या नेहमी बसूनच तपासल्या गेल्या, आणि बीपी "छान कंट्रोलमध्ये" होतं.

तिसरी गोष्ट किडनी. आजींच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन १.१, आणि त्यापुढे नॉर्मल लिहिलेलं. वृद्धांच्या अंगात स्नायू कमी असतात, म्हणून क्रिएटिनिन कमी तयार होतं आणि थकलेली किडनीही कागदावर चांगली दिसते. औषधांसाठी कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट हे साधं गणित करून बघा. १४० मधून वय वजा करा, उरलेल्याला वजनाने गुणा, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. बाई असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. आजींचं: १४० वजा ७८ म्हणजे ६२. गुणिले ४८ म्हणजे २९७६. भागिले ७९.२ म्हणजे साधारण ३७.६. गुणिले ०.८५ म्हणजे सुमारे ३२ मिलिलिटर प्रति मिनिट. रिपोर्टवर ईजीएफआर म्हणून छापून येणारा आकडा वेगळ्या सूत्राचा असतो आणि अशा लहान चणीच्या बाईंमध्ये तो जास्त दिसतो. दोन्ही लिहा, कोणत्या औषधाला कोणता वापरायचा ते डॉक्टर ठरवतील. ही दोन्ही सूत्रं अंदाजाची आहेत. अंगावर सूज असेल किंवा तब्येत झपाट्याने बिघडत असेल तर त्यांच्यावर विसंबू नये.

आणि अशा किडनीवर तीन गोळ्या एकदम चालल्या होत्या: टेल्मिसार्टन, फ्युरोसेमाइड आणि बटव्यातली डायक्लोफेनॅक. एकेकटीचा धोका तेवढा नसतो. तिन्ही एकत्र आल्या आणि त्यात एखादा जुलाब किंवा कडक उन्हाळा लागला, की किडनी बसते. डायक्लोफेनॅक बीपीही वाढवते, म्हणजे ती एका बाजूने बीपीच्या गोळ्यांविरुद्ध भांडत होती.

उपाशीपोटीची साखर ७८ आणि एचबीए१सी ६.३ टक्के. तरुण पेशंटचा हा रिपोर्ट बघून आपण शाबासकी दिली असती. ग्लिमेपिराइड घेणाऱ्या, उपवास करणाऱ्या, पडलेल्या आजींच्या बाबतीत हा धोक्याचा आकडा आहे. अशा थकलेल्या वृद्धांमध्ये ८ च्या आसपासचं एचबीए१सी सहसा पुरेसं मानतात.

थरथर बघताना दोन्ही हात मांडीवर सैल ठेवायला सांगा. औषधाने आलेली थरथर सहसा दोन्ही बाजूंना सारखी असते. मी नोंदीत लिहिलं: "दोन्ही हात, उजवा किंचित जास्त."

पायरी ५: डॉक्टरांना सांगणं

अकरा गोळ्यांची यादी पुढे करून "सर, हे खूप होतंय" म्हणालात तर ऐकून घेतलं जाणार नाही, आणि न घेणंही रास्तच आहे. काय घडलं, मागची हकिगत काय, मला काय दिसलं, आणि मला काय विचारायचंय, या क्रमाने दोन मिनिटांत बोला. मी जे बोलले ते साधारण असं:

"सर, ७८ वर्षांच्या आजी, तीन आठवड्यांपूर्वी रात्री पडल्या. औषधं तपासली तर ॲम्लोडिपिन दोन ठिकाणांहून मिळून १० होतेय. सूज, लघवीची गोळी, चक्करची गोळी आणि थरथर याच क्रमाने आलेत, तारखा लिहून आणल्यात. उभं राहिल्यावर बीपी २८ ने उतरतंय. उपाशी साखर ७८ आहे आणि एकदा पहाटे साखर उतरल्यासारखं झालंय. डायक्लोफेनॅक बाहेरून घेतात. यातलं आधी काय कमी करता येईल?"

शेवटचा प्रश्नच असावा, सूचना नसावी. प्रश्नाने दार उघडतं. शिवाय डॉक्टरांना अशा गोष्टी माहीत असतात ज्या आपल्या कागदावर नसतात. लघवीची गोळी हृदय कमजोर असल्यामुळे तर दिली नव्हती ना, हे त्यांनी आधी बघितलं. इकोचा रिपोर्ट चांगला निघाला, म्हणून पुढचं शक्य झालं. पंपिंग कमी निघालं असतं तर फ्युरोसेमाइडला हात लावला नसता.

तुम्हाला एखाद्या गोळीबद्दल शंका असेल तर पडताळायला दोन याद्या जगभर वापरल्या जातात. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीचे बिअर्स निकष, जे २०२३ मध्ये नव्याने आले, आणि युरोपात तयार झालेले स्टॉप-स्टार्ट निकष. स्टॉप काय टाळावं ते सांगतो, तर स्टार्ट कोणतं गरजेचं औषध राहून गेलंय ते. यादीत गोळीचं नाव दिसलं म्हणजे ती चूक ठरत नाही, फक्त विचारायला कारण मिळतं.

पायरी ६: काय, कोणत्या क्रमाने

नियम असा की एका वेळी एकच औषध कमी करायचं. नाहीतर काही बिघडलं, किंवा सुधारलं, तर कशामुळे ते कळत नाही. उघड चूक किंवा ताबडतोबीचा धोका असेल तर मात्र थांबत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी तीन गोष्टी झाल्या: वेगळी ॲम्लोडिपिन बंद, डायक्लोफेनॅक बंद करून गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल, आणि ग्लिमेपिराइड काढून किडनीला झेपेल इतकी नुसती मेटफॉर्मिन.

दुसऱ्या आठवड्यात प्रोक्लोरपेराझिन दोनदाची एकदा झाली आणि मग बंद. चौथ्या आठवड्यात घोट्याची सूज बरीच उतरलेली दिसली, तेव्हा फ्युरोसेमाइड निम्मी केली आणि आठवड्याने थांबवली. या काळात सुनेला एक काम दिलं: रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन करून कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवसांत २ किलो वाढलं, धाप लागली किंवा रात्री उशा वाढवाव्या लागल्या तर लगेच फोन.

ट्रायहेक्सिफेनिडिल मुद्दाम उशिरा, दोन महिन्यांनंतर काढली, आणि तीही दर आठवड्याला थोडी-थोडी. थरथर आणणारी गोळी जायच्या आधी ही काढली असती, किंवा एकदम तोडली असती, तर अंग आणखी आखडलं असतं.

ॲस्पिरिनबद्दल आजींना कधी अटॅक, पॅरालिसिस किंवा स्टेंट झाला होता का, हे मी तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं. झालेलं नव्हतं. अशा वृद्धांत रक्तस्रावाचा धोका फायद्यापेक्षा जास्त असतो म्हणून डॉक्टरांनी ती थांबवली. त्यानंतर पॅन्टोप्रॅझोल. हा क्रम उलटा करू नये, कारण ॲस्पिरिन किंवा डायक्लोफेनॅक चालू असेपर्यंत ती पोटाचं रक्षण करत असते. तिचाही डोस आधी निम्मा, मग दिवसाआड. सोडल्यावर पहिले एक-दोन आठवडे आंबट ढेकर वाढतात. ही तात्पुरती उसळी आहे हे आधीच सांगितलं नाही तर घरचे "बघा, गोळीशिवाय चालतच नाही" म्हणून पुन्हा सुरू करतात.

एकदम कधीच न तोडायच्या गोळ्या पाठ करून ठेवा. त्या हर्नियाच्या आजोबांची मेटोप्रोलॉल आणि तिच्यासारख्या बीटा-ब्लॉकर, बीपीची क्लोनिडिन, बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड, फिट्‌सची गोळी, पार्किन्सनची लेवोडोपा, आणि अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी. झोपेची गोळी अचानक थांबवली तर झोप तर जातेच, पण घबराट, बरळणं आणि फिटसुद्धा येऊ शकते. ती साधारण दर दोन आठवड्यांनी पाव हिश्शाने उतरवतात, आणि शेवटी शेवटी त्याहूनही हळू.

पायरी ७: बंद केलेली गोळी परत येते

येतेच. पुण्याचा मुलगा जुन्या चिठ्ठ्यावरून दर महिन्याला ऑनलाइन औषधं मागवत होता, त्यामुळे बंद केलेली प्रोक्लोरपेराझिन पुढच्या महिन्यात कुरियरने हजर. आरोग्य केंद्राच्या कार्डावरही ॲम्लोडिपिन तशीच लिहिलेली. म्हणून नवी यादी करताना चालू गोळ्यांच्या खाली "बंद केलेली" असा वेगळा रकाना ठेवा, त्यात गोळी, तारीख आणि कारण लिहा, आणि त्याचा फोटो मुलाला, मेडिकलवाल्याला आणि आरोग्य केंद्राच्या ताईंना पाठवा. जुन्या चिठ्ठ्यांवर पेनाने आडवी रेघ मारा. उरलेल्या पट्ट्या आजींच्या समोर बाजूला काढा. न सांगता उचललेली पट्टी शेजारणीकडून परत येते.

घरच्यांशी बोलताना जपून. "गोळ्या बंद केल्या" या शब्दांचा अर्थ काही घरांत "आता आशा सोडली" असा लागतो. मुलाने मला फोनवर विचारलंही, "सिस्टर, खर्चाचं काही असेल तर सांगा, मी देतो." त्याला तारखांचा कागद वाचून दाखवला. सूज, लघवी, चक्कर, थरथर. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मीच पाठवत होतो."

चार महिन्यांनी आजींच्या डब्यात तीन गोळ्या राहिल्या: टेल्मिसार्टन-ॲम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, आणि कॅल्शियम, तीही आता चावून खायची, कारण मोठी त्या गिळतच नव्हत्या. लॅक्ट्युलोजची बाटली अर्धी तशीच पडून होती. उभं राहताना बीपी ८ ने उतरत होतं. रात्री लघवीला चारदा उठायच्या त्या एकदा. सुनेचं म्हणणं, आजी पुन्हा भाजीवालीशी पैशांवरून वाद घालायला लागल्या.

चाल सुधारली, डावा हात स्थिर झाला. औषधाने आलेली थरथर जायला काही आठवडे ते काही महिने लागतात, म्हणून आम्ही थांबलो. सहा महिने झाले तरी उजव्या हाताचा अंगठा बोटांवर गोळी वळल्यासारखा फिरत होता. काही जणांत आधीपासून दबलेला पार्किन्सन असतो आणि औषधाने तो फक्त उघडा पडतो. पहिल्या दिवशीच्या नोंदीतलं "उजवा किंचित जास्त" डॉक्टरांना दाखवलं, आणि आजींना न्यूरॉलॉजिस्टची तारीख घेतली.